विषय : लघुप्रबंधाचे तिसरे प्रकरण सादर करण्यास 16 मार्चपर्यंत मुदतवाढ मिळणेबाबत

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी प्रतीक्षा वाघ, एम.ए. भूगोल, चौथे सत्र. ‘पांझरा खोऱ्यातील फड पद्धत : पाणीवाटप आणि बदलती पीकरचना’ या माझ्या लघुप्रबंधाचे तिसरे प्रकरण आपल्याकडे 28 फेब्रुवारीपर्यंत द्यायचे ठरले आहे. त्यासाठी 16 मार्च, सोमवारपर्यंत मुदत वाढवून मिळावी, ही विनंती.

कारण थोडे सविस्तर सांगते. गेल्या आठवड्यात सामोडे परिसरात उरलेल्या मुलाखतींसाठी गेले होते. तिथल्या एका घरी पूर्वी फडाची हवालदारी होती. आजोबांशी बोलणे संपत आले तेव्हा त्यांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवायला लावली आणि पाणीपाळीची जुनी वही समोर ठेवली. पहिल्या पानावर शके 1868 आहे, म्हणजे 1946-47. सुरुवातीची पाने मोडीत आहेत, पुढे हळूहळू बाळबोध अक्षर येते. खातेदाराचे नाव, फड, बिघे आणि पुढे पाळीच्या खुणा अशी मांडणी आहे. काही ठिकाणी पाटकऱ्याला आणि जागल्याला दिलेल्या धान्याची नोंदही समासात केलेली दिसते. वही घराबाहेर न्यायला त्यांची तयारी नाही, आणि ते रास्तच आहे. फोटो मात्र सगळ्या पानांचे काढू दिले.

ही वही परिशिष्टात लावून मोकळे होता आले असते, तर मी मुदत मागितली नसती. अडचण अशी की तिच्यामुळे प्रकरणाचा मुख्य मुद्दाच पुन्हा तपासावा लागणार आहे. प्रत्येक खातेदाराची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असल्यामुळे टंचाईच्या साली एखादा फड कोरडा ठेवला तरी झळ सगळ्यांना सारखीच बसते, असे मी मांडले आहे. मुलाखतींतही सगळे तेच सांगतात. एका बारेकऱ्याच्या शब्दांत, “पानी कमी पडनं ते सगळासले कमी.” पण वहीत एका साली जो फड सोडल्याची नोंद आहे, त्याच फडातल्या काही नावांपुढे पाळीच्या खुणा आहेत. ती सवलत होती, विहिरीच्या पाण्याची वेगळी नोंद होती, की खुणेचा अर्थच मी चुकीचा लावते आहे, हे मोडीचा मजकूर नीट लागल्याशिवाय सांगता येणार नाही. माझे मोडी अजून अक्षर लावत वाचण्याइतकेच आहे. धुळ्यातील एका जाणकारांनी पाने तपासून देण्याचे कबूल केले आहे, पण त्यांना मार्चचा पहिला आठवडा लागेल.

दुसरे काम अहिराणी मुलाखतींच्या लिप्यंतराचे. ते बरेचसे झाले आहे. पाटावर उभे राहून केलेल्या ध्वनिमुद्रणात पाण्याचा आणि वाऱ्याचा आवाज फार आहे, त्यामुळे तेवढा भाग पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. होळीच्या आठवड्यात गावात निवांत बोलायला कोणी सापडणार नाही, म्हणून नव्या मुलाखती त्या दिवसांत धरलेल्या नाहीत. वहीतल्या खुणांबद्दल आजोबांना विचारायला होळीनंतर एकदा जाऊन येईन.

प्रकरणाचा जो भाग वहीवर अवलंबून नाही, म्हणजे बंधारा, पाट व फडांची रचना, नकाशे आणि आजची पीकरचना, तो पूर्ण आहे. सोबत जोडला आहे. आपल्याला सोयीचे असेल तर तेवढा आधी पाहून घ्यावा, म्हणजे त्यावरच्या दुरुस्त्या मी मधल्या काळात करू शकेन. पाणीवाटपाचा भाग आणि निष्कर्ष 16 मार्चला देईन. चौथे प्रकरण ठरल्याप्रमाणे मार्चअखेरच येईल, त्याची आकडेवारी तयार आहे. विभागातील 10 एप्रिलच्या सादरीकरणाची तारीख बदलावी लागणार नाही.

मोडीचे वाचन तोवरही पूर्ण झाले नाही, तर जेवढी पाने खात्रीने लागली तेवढ्यांवरच प्रकरण उभे करीन आणि बाकीच्यांबद्दल मर्यादा म्हणून लिहीन. त्यासाठी पुन्हा मुदत मागणार नाही.

मुदतवाढ देणे शक्य नसेल तर 28 तारखेला वहीचा उल्लेख न करता प्रकरण देण्याची माझी तयारी आहे. पण समोर आलेला पुरावा बाजूला ठेवून लिहिणे मला पटत नाही, हेही आपल्याला सांगावेसे वाटते. याबाबत आपण सांगाल तसे करीन.

वहीच्या चार पानांचे फोटोही जोडले आहेत. त्यांतले तिसरे पान कृपया मोठे करून पाहावे, वर ज्या खुणांबद्दल लिहिले त्या तिथेच आहेत. त्या कुटुंबाचे नाव प्रबंधात देऊ नये असे त्यांनी सांगितले आहे, म्हणून फोटोंतही ते झाकले आहे.

शुक्रवारी दुपारनंतर मी विभागातच असेन. आपल्याला वेळ असल्यास मूळ फोटो घेऊन भेटायला येते.

आपली विद्यार्थिनी,
प्रतीक्षा वाघ
एम.ए. भूगोल, चौथे सत्र
18 फेब्रुवारी 2026

सोबत : 1) तिसरे प्रकरण, पूर्ण झालेला भाग 2) वहीच्या चार पानांचे फोटो