छपराच्या दुरुस्तीबाबत

नमस्कार काका. छपराचं पुन्हा लिहितोय, कारण मे अर्धा सरला आणि आपल्या चिपळूणला जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतोच. गेल्या पावसाळ्यात मधल्या खोलीत पातेली मांडून दिवस काढले; तेव्हा तुम्ही ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणाला होतात. परवाच्या वळवाने पाणी भिंतीवरून थेट मीटरच्या बोर्डापर्यंत उतरलं. घरात लहान मूल आहे, त्यामुळे याचीच जास्त भीती वाटते.

कौलं शाकारणारा बघून गेला. फुटकी कौलं बदलायची आहेत, आणि मागचा एक वासा कुजलाय, तोही काढावाच लागेल. नुसती ताडपत्री टाकून भागणार नाही. फोटो आणि त्याचा अंदाज (साडेअठरा हजार) सोबत पाठवलाय.

25 मेपर्यंत काम सुरू व्हायला हवं, नंतर माणसं मिळत नाहीत. तुम्हाला डोंबिवलीहून येणं जमत नसेल तर मी उभा राहून करून घेतो, पण खर्च तुमचा. पैसे आधी पाठवणं अडचणीचं असेल तर पावत्या देऊन पुढच्या भाड्यातून वळते करू, तसं मेसेजवर लिहून द्या. भाडं मी कधी थकवलेलं नाही, हे तुम्ही जाणताच. रविवारपर्यंत नक्की कळवा. काकूंना नमस्कार.