विषय: ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसी क्रमांक जेबी/2025/00417 अन्वये चोरीच्या नुकसानीचा दावा

दि. 18 ऑगस्ट 2025
गुजरी, कोल्हापूर

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
दावे विभाग

महोदय,

दि. 13 ऑगस्टच्या रात्री शेजारच्या बंद गाळ्याची भिंत फोडून चोरटे आमच्या पेढीत शिरले व त्यांनी लहान तिजोरीची मागील बाजू गॅस कटरने कापून माल नेला. 14 तारखेस सकाळी पेढी उघडताच पोलिसांना व आपल्या कार्यालयास कळविले असून, भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 व 331(4) खाली गुन्हा नोंद झाला आहे.

पेढीत दोन तिजोऱ्या आहेत. मोठी शाबूत आहे. लहान तिजोरी आयएस 550 मानकाची, दुहेरी कुलपाची असून तिच्या दोन्ही किल्ल्या त्या रात्री पेढीत नव्हत्या. एक माझ्या व दुसरी माझ्या बंधूंच्या घरी होती, आणि दोन्ही कुलपे आजही बंद अवस्थेत आहेत. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत तिजोरी आहे तशीच ठेवली आहे. डीव्हीआर चोरीस गेला. रस्त्यावरील कॅमेऱ्याचे चित्रण पोलिसांकडे आहे.

स्टॉक रजिस्टर रोज रात्री वजनानिशी बंद होते. 13 ऑगस्टला 22 कॅरेटच्या दागिन्यांची आरंभीची शिल्लक 2,884.950 ग्रॅम, दिवसाची विक्री 38.600 ग्रॅम व अखेरची शिल्लक 2,846.350 ग्रॅम होती. 14 तारखेस पंचांसमक्ष मोजदाद केली असता 1,934.120 ग्रॅम भरले, म्हणजे 912.230 ग्रॅमची तूट आली, आणि ती लहान तिजोरीच्या ट्रेनिहाय नोंदींशी तंतोतंत जुळते. 31 जुलैच्या प्रत्यक्ष मोजणीत काहीही तफावत नव्हती, त्यामुळे ही केवळ हिशेबात उघड झालेली तूट मानता येणार नाही. गेलेल्या डागांचे एचयूआयडी क्रमांक पोलिसांना दिले आहेत. माल वितळवण्याआधी बाजारात आला तर ओळख त्यांवरूनच पटेल.

दाव्याची रक्कम खरेदी बिलांच्या सरासरी दराने धरली आहे, आजच्या चढ्या भावाने नव्हे. सोने प्रति ग्रॅम 8,420 रुपयांप्रमाणे 76,80,977 रुपये, त्यावरील मजुरी 2,84,500 रुपये, आणि त्याच तिजोरीतील 4,260 ग्रॅम चांदी 92 रुपये दराने 3,91,920 रुपये. ग्राहकांनी दुरुस्तीस दिलेले 46.800 ग्रॅमचे तीन डागही त्यात होते; पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती जोडल्या असून सोन्याच्या त्याच दराने त्यांचे 3,94,056 रुपये होतात. चोरीस गेलेल्या मालावरील इनपुट क्रेडिट आम्हास परत करावे लागणार असल्याने 2,56,412 रुपये जीएसटी धरून एकूण दावा 90,07,865 रुपयांचा आहे. घटनेच्या रात्री पेढीतील सर्व मालाची किंमत सुमारे 2 कोटी 64 लाख रुपये व पहिल्या विभागाची विमा रक्कम 3 कोटी रुपये असल्याने कमी विम्यापोटी कपात होऊ नये.

काउंटरच्या काचेत राहिलेली चांदीची निरांजनेही गेली आहेत, परंतु रात्री तिजोरीबाहेरचा माल पॉलिसीत मोडत नसल्याने ती दाव्यात धरलेली नाहीत.

एफआयआर व पंचनाम्याच्या प्रती, रजिस्टरचे उतारे, खरेदी व मजुरीची बिले, जीएसटी विवरणे आणि तिजोरीचे खरेदी बिल सोबत जोडले आहे. मूळ वह्या पेढीत तपासणीसाठी उपलब्ध आहेत. ग्राहकांना उत्तर द्यावयाचे असल्याने सर्व्हेअरच्या प्राथमिक अहवालानंतर दाव्याची अंशतः रक्कम अग्रिम मंजूर करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
मालक, सराफी पेढी