परीक्षेत लॅपटॉप वापरण्याच्या परवानगीसाठी विनंती अर्ज

दिनांक : २ सप्टेंबर २०२४

प्रति,
माननीय प्राचार्य महोदया,
कनिष्ठ महाविद्यालय

विषय : लेखनविषयक अडचणीमुळे प्रथम सत्र परीक्षेपासून उत्तरे लॅपटॉपवर लिहिण्याची परवानगी मिळण्याबाबत.

माननीय महोदया,

सविनय नमस्कार.

मी आपल्या महाविद्यालयात इयत्ता अकरावी, कला शाखा, तुकडी ब मध्ये शिकते. मला डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिण्याच्या क्रियेशी संबंधित अध्ययन अक्षमता आहे. तिचे निदान शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांनी केले असून त्यांचा अहवाल आणि व्यवसायोपचारतज्ज्ञांचे शिफारसपत्र या अर्जासोबत जोडले आहे. ऑक्टोबरमधील प्रथम सत्र परीक्षेत मराठी, इतिहास, राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र या विषयांची उत्तरे मला लॅपटॉपवर टंकलिखित करू द्यावीत, अशी माझी आपणांस विनंती आहे. ही परवानगी दिल्यास वार्षिक परीक्षेसाठीही ती कायम राहावी, असेही मी सुचवू इच्छिते.

ही अडचण बाहेरून पाहणाऱ्याला सहसा गचाळ अक्षर म्हणूनच दिसते, त्यामुळे प्रत्यक्ष काय घडते ते थोडे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. ज्याला लिहिण्याची सवय अंगवळणी पडलेली असते, त्याचा हात आपसूक चालतो आणि त्याचे लक्ष काय लिहायचे याकडे राहते. माझ्या बाबतीत प्रत्येक अक्षराचे वळण दरवेळी नव्याने आठवावे लागते. 'राष्ट्रीय' हा शब्द मला पाठ आहे, तो कसा लिहितात हे मी तोंडी बिनचूक सांगते. कागदावर मात्र 'ष' काढून झाला की त्याला जोडून 'ट' कुठे बसवायचा आणि त्याखाली 'र'ची खूण कशी द्यायची इथे हात थांबतो. तो थांबला की दीर्घ वेलांटी आधीच्या अक्षरावर जाते, शिरोरेषा वर-खाली होते, दोन शब्दांमधले अंतर राहत नाही. आणि हे सावरेपर्यंत मनात पूर्ण तयार असलेल्या वाक्याचा उत्तरार्ध निसटून जातो. मग मी वाक्य मिळेल तिथे संपवते. माझी उत्तरे त्रोटक असतात त्याचे कारण अभ्यास कमी पडतो हे नसून, जेवढे लिहून होते तेवढेच परीक्षकांपर्यंत पोहोचते हे आहे. पेपरच्या दुसऱ्या तासात अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात वेदना सुरू होतात, पेन घट्ट धरले जाते आणि त्यानंतरची पाने मला स्वतःलाही वाचता येत नाहीत.

अक्षर सुधारण्यासाठी प्राथमिक शाळेपासून माझ्या पालकांनी आणि शिक्षकांनी मनापासून प्रयत्न केले आहेत. दुरेघी वह्या, रोजचे शुद्धलेखन, जाड पकडीची पेने, बोटांचे व्यायाम हे सारे झाले आणि त्याचा उपयोगही झाला: मी आज अर्ज भरू शकते, फळ्यावरची टिपणे उतरवू शकते, छोटी उत्तरे लिहू शकते. परंतु सराव वाढला की त्रास पूर्णपणे जातो, असे या अक्षमतेच्या बाबतीत घडत नाही. दीर्घोत्तरी प्रश्नांसाठी वेगळे साधन वापरणे योग्य ठरेल, असे उपचारतज्ज्ञांनी शिफारसपत्रात स्पष्ट नमूद केले आहे.

माझे म्हणणे आपणांस कागदावरच पडताळता यावे म्हणून मी दोन नमुने जोडले आहेत. इतिहासाच्या शिक्षकांनी औद्योगिक क्रांतीच्या कारणांवर आणि परिणामांवर मला एकाच दिवशी समान काठिण्यपातळीचे दोन प्रश्न दिले आणि प्रत्येकासाठी अर्धा तास दिला. पहिले उत्तर मी हाताने लिहिले, दुसरे त्यांच्यासमोर बसून लॅपटॉपवर. हस्तलिखित उत्तर पाऊण पानावर, बाष्पशक्तीचा उल्लेख करून, वाक्याच्या मध्येच थांबले आहे. टंकलिखित उत्तरात कारखानदारीमुळे शहरांकडे झालेले स्थलांतर, बालमजुरी आणि कामगार संघटनांचा उदय यांची मांडणी असून शेवटी निष्कर्षही आहे. शिक्षकांनी दोन्हींवर दिनांक घालून स्वाक्षरी केली आहे. दोन्ही उत्तरांची लेखिका एकच आहे आणि अभ्यासही एकच आहे. आपण ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, एवढीच विनंती.

अतिरिक्त वेळ किंवा लेखनिक का नको, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि मीही या दोन्ही पर्यायांचा विचार केला आहे. वेळ वाढवून मिळाला तर हाताला अधिक वेळ लिहावे लागेल, आणि माझा हात पेपरच्या उत्तरार्धातच साथ सोडतो. म्हणजे वाढीव वेळ नेमका सर्वात वाईट अवस्थेत हाती येईल. लेखनिकाची सोय ज्यांना लिहिणे मुळीच शक्य नाही त्यांच्यासाठी मोलाची आहे. मला मात्र लिहिता लिहिता विचार करावा लागतो. आधीचा परिच्छेद पुन्हा वाचणे, एखादे वाक्य वर नेणे, एक शब्द खोडून नेमका शब्द घालणे हे दुसऱ्याच्या हातून करून घेताना विचाराची साखळी तुटते. शिवाय मराठीच्या पेपरात शुद्धलेखन तपासले जाते. लेखनिकाने लिहिलेले ऱ्हस्व-दीर्घ त्याचे असतील; माझ्या उत्तरपत्रिकेतल्या चुकाही माझ्याच असाव्यात, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

याच कारणासाठी मी काही मर्यादा स्वतःहून मांडते. लॅपटॉपवरील शब्दलेखन तपासणी, शब्द सुचवण्याची सोय आणि आपोआप दुरुस्ती या तिन्ही गोष्टी परीक्षेपूर्वी बंद कराव्यात. इंटरनेट आणि ब्लूटूथ बंद असावेत, आणि यंत्रात माझी कोणतीही जुनी फाइल नसावी. शक्य असल्यास मी स्वतःच्या लॅपटॉपऐवजी महाविद्यालयाच्या संगणक कक्षातील लॅपटॉप वापरणेच पसंत करेन, कारण मग शंकेला जागाच उरत नाही आणि पर्यवेक्षकांवरही तपासणीचा भार पडत नाही. मी मराठी इनस्क्रिप्ट कळफलकावर टंकलेखन शिकले आहे. तो कळफलक विंडोजमध्ये आधीपासूनच असतो, त्यामुळे वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागणार नाही; आणि मजकूर युनिकोडमध्ये असल्याने कोणत्याही संगणकावर तो जसाच्या तसा उघडतो व छापता येतो.

कळांचा आवाज इतरांना त्रासदायक होऊ शकतो, म्हणून मला मुख्य वर्गाऐवजी शेजारच्या लहान खोलीत, वीजजोडणीजवळ बसवावे. वेळ इतरांइतकाच असावा. प्रत्येक पानाच्या तळाशी माझा आसन क्रमांक व पान क्रमांक येईल अशी कोरी फाइल आधीच तयार करून ठेवता येईल. लिहिताना मी दर थोड्या वेळाने Ctrl+S दाबून फाइल जतन करत राहीन, आणि वीज गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील. वेळ संपताच पर्यवेक्षकांनी फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी, माझ्यासमोर छापावी, प्रत्येक पानावर माझी स्वाक्षरी घ्यावी आणि ती पाने नेहमीच्या उत्तरपत्रिकेला जोडून द्यावीत. छापण्यात जाणारी काही मिनिटे सोडली, तर कोणाच्याही कामात यामुळे भर पडणार नाही, असा माझा अंदाज आहे.

अर्थशास्त्राचा पेपर मी हातानेच लिहीन. त्यात आलेख, तक्ते आणि आकडेमोड अधिक असते, ती लॅपटॉपवर करणे उलट कठीण जाते, आणि त्यातील उत्तरेही तुलनेने छोटी असतात. इतिहासाच्या पेपरातील नकाशा भरण्याचा प्रश्नही मी छापील नकाशावरच सोडवेन. जिथे हाताने काम होते तिथे सवलत मागणे मला योग्य वाटत नाही.

ही परवानगी माझ्या वर्गमित्रांवर अन्याय करणारी ठरेल का, याचाही मी विचार केला. प्रश्नपत्रिका तीच, वेळ तोच, तपासणीचे निकष तेच आणि मदतीची कोणतीही सोय चालू नाही, अशा स्थितीत लॅपटॉप मला न येणारे उत्तर देऊ शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारातील २४ वे कलम शिक्षणाबाबत असून, त्यात व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देण्याचे तत्त्व मान्य केलेले आहे. अशी सोय संस्थेवर अवाजवी भार टाकणारी नसावी, हेही त्याच करारात म्हटले आहे. माझी मागणी या दोन्ही कसोट्यांवर उतरावी, अशा बेतानेच मी वरील तपशील दिले आहेत.

आपणांस थेट सत्र परीक्षेत हा प्रयोग करणे घाईचे वाटत असल्यास, या महिन्यातील घटक चाचणीत एका विषयापुरती परवानगी देऊन पाहावी. राज्यशास्त्राच्या शिक्षिकांशी मी बोलले आहे आणि त्यांची या चाचणीला तयारी आहे. त्यात काही उणिवा आढळल्या तर सत्र परीक्षेपूर्वी त्या दूर करायला वेळ मिळेल. बारावीच्या मंडळ परीक्षेसाठी अशी सोय मागायची झाल्यास ती महाविद्यालयामार्फतच मागावी लागेल. त्या वेळी आपल्याकडे अकरावीतील प्रत्यक्ष अनुभवाची नोंद असणे उपयोगी पडेल, हाही या अर्जामागील एक विचार आहे.

याविषयी प्रत्यक्ष बोलण्यासाठी आपण वेळ दिल्यास मी माझ्या आईसह उपस्थित राहीन. निर्णय होकारार्थी असो वा काही बदलांसह असो, तो घटक चाचणीचे वेळापत्रक लागण्यापूर्वी कळल्यास मला त्यानुसार तयारी करता येईल.

आपली नम्र विद्यार्थिनी,
मृण्मयी
इयत्ता अकरावी, कला शाखा, तुकडी ब
हजेरी क्रमांक ३७

सोबत :
१. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांचा मूल्यमापन अहवाल
२. व्यवसायोपचारतज्ज्ञांचे शिफारसपत्र
३. इतिहास विषयातील हस्तलिखित व टंकलिखित उत्तरांचे नमुने, शिक्षकांच्या स्वाक्षरीसह
४. पालकांचे संमतिपत्र