बोली-अभ्यास गटाच्या 28 मार्चच्या बैठकीचे इतिवृत्त

विषय: सीमाभागातील मराठी बोलींचे ध्वनिमुद्रण व लिप्यंकन
बैठक: शनिवार, 28 मार्च 2026, सकाळी 10.30 ते दुपारी 1.50
स्थळ: मृणालिनी मॅडम यांचे घर, टिळकवाडी, बेळगाव
उपस्थित: मृणालिनी मॅडम (गटप्रमुख, अध्यक्षस्थानी), बाळकृष्ण सर (निवृत्त प्राध्यापक, कन्नड), माधवीताई, संतोष, रुक्साना (निपाणी), तानाजी (खानापूर), अश्विनी (सचिव)
अनुपस्थित: कोणी नाही. तानाजींची जांबोटीची बस चुकल्याने ते 11.15 ला आले. त्याआधी झालेला फाइलींचा विषय त्यांना नंतर सांगण्यात आला आणि त्यांनी त्यास मान्यता दिली.

टिपणाबाबत

बैठकीत घेतलेल्या सात पानी हस्तलिखित टिपणावरून हे इतिवृत्त केले आहे. ज्यावर सर्वांनी स्पष्ट होकार दिला, तेच निर्णय म्हणून नोंदवले आहे. टिपणात चार ठिकाणी ‘सगळ्यांनी बघायचं’, तीन ठिकाणी ‘लवकर’ आणि एका ठिकाणी ‘बघू’ असे शब्द होते. पहिल्या दोन प्रकारांबाबत सोमवारी, 30 मार्चला, प्रत्येकाला फोन करून एकच नाव आणि एकच तारीख ठरवून घेतली. ‘बघू’ असलेला विषय प्रलंबित म्हणून शेवटी दिला आहे. मागच्या दोन बैठकांत कामे ‘सगळ्यांवर’ सोपवली होती. त्यामुळे हलशीच्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत फेब्रुवारीपासून आजपर्यंत झाली नाही. ती चूक टिपण लिहिणारी म्हणून माझीही आहे, म्हणून या वेळी निर्णयपत्रक सर्वांत वर ठेवले आहे.

निर्णयपत्रक

| क्र. | निर्णय | जबाबदारी | मुदत |
|---|---|---|---|
| 1 | सर्व रेकॉर्डिंगच्या दोन जादा प्रती. फाइलींना नव्या पद्धतीने नावे | संतोष | 4 एप्रिल |
| 2 | नव्या रेकॉर्डरची खरेदी | मृणालिनी मॅडम | 10 एप्रिल |
| 3 | क्रियापदाच्या रूपांसाठी दीड पानी खूणपत्रक | अश्विनी | 11 एप्रिल |
| 4 | हलशीच्या आजींना प्रत्यक्ष भेटून 11 मिनिटांच्या भागाबद्दल विचारणे | तानाजी | 12 एप्रिल |
| 5 | संमतीपत्राचा कन्नड मसुदा | बाळकृष्ण सर | 18 एप्रिल |
| 6 | हल्याळ फेरीचे नियोजन (फेरी 16 व 17 मे) | माधवीताई | 25 एप्रिल |
| 7 | झालेल्या 6 तासांच्या लिप्यंकनाची खूणपत्रकानुसार फेरतपासणी | रुक्साना | 9 मे |

क्र. 7 चे काम क्र. 3 वर अवलंबून आहे. खूणपत्रकाला उशीर झाला तर रुक्सानाची मुदत तितकेच दिवस पुढे जाईल. हे बैठकीत मान्य झाले आहे.

1. मागील इतिवृत्त

28 फेब्रुवारीच्या बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. त्यात ‘येळ्ळूर’ऐवजी चुकून ‘उचगाव’ लिहिले गेले होते, ते दुरुस्त केले.

2. रेकॉर्डिंगच्या प्रती आणि फाइलींची नावे

आतापर्यंत 14 जणांचे (9 स्त्रिया, 5 पुरुष) 21 तासांचे रेकॉर्डिंग झाले आहे. आपण 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो असे मुद्रण करतो. त्या हिशेबाने तासाला सुमारे 518 एमबी, म्हणजे एकूण 11 जीबीच्या आत जागा लागते. इतका कमी पसारा असूनही सगळे एकाच लॅपटॉपवर आहे, याबद्दल मॅडमनी नाराजी व्यक्त केली. एक प्रत बेळगावात मॅडमकडे आणि एक निपाणीत रुक्सानाकडे राहील.

फाइलींच्या नावांवर रुक्सानाने महत्त्वाचा आक्षेप घेतला. सध्याचे नाव असे असते:

```
KHN_HLS_F68_20260222_02.wav
```

तालुका, गाव, स्त्री/पुरुष व वय, तारीख, क्रमांक. लहान गावात ‘68 वर्षांची स्त्री’ म्हटले की गावकऱ्याला माणूस ओळखता येतो, मग आत नाव लपवून उपयोग काय? नेमके वय काढून दशक लिहायचे ठरले, म्हणजे `F68` ऐवजी `F60`. नेमके वय वेगळ्या, कुलूपबंद तक्त्यात संतोषकडे राहील.

3. ‘मी भाकरी खाल्लो’

बैठकीचा निम्म्याहून अधिक वेळ या विषयाला गेला, आणि तो योग्यच होता.

प्रमाण मराठीत ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी काम केलं’ अशी रूपे येतात. क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. आपल्याकडे खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या मुद्रणांत ‘मी भाकरी खाल्लो’, ‘मी काम केलो’ अशी रूपे वारंवार येतात, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. पहिल्या 6 तासांच्या लिप्यंकनात संतोषने यांतली काही रूपे ‘चूक’ समजून सुधारली होती. त्याने हे स्वतःहून सांगितले. मूळ ध्वनी हाताशी असल्याने नुकसान भरून येईल. यापुढे कानाला पडेल तेच लिहायचे, यावर एकमत झाले.

कारणाबद्दल मात्र एकमत झाले नाही. टिपणात माझ्या हातून ‘कन्नडचा प्रभाव – नक्की’ असे लिहिले गेले होते. बाळकृष्ण सरांचे म्हणणे तसे नव्हते, त्यांनी फोनवर ते दुरुस्त केले. त्यांचा मुद्दा असा: कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालते, त्यामुळे शेजाराचा परिणाम संभवतो. पण मराठीत ‘मी’ आणि ‘तू’ यांना भूतकाळात ‘रामाने’सारखा ‘ने’ लागत नाही. तेव्हा ‘मी’ला साधा कर्ता समजण्याची वाट मराठीच्या आतही मोकळी आहे. दोन्ही कारणे एकाच वेळी काम करत असतील.

माधवीताईंनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा दाखला दिला. गम्पर्झ आणि विल्सन यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्यरचना जवळ येत गेलेली आणि शब्द मात्र वेगळे राहिलेले दाखवले आहेत. सरांनी यावर सावध केले: खानापूरच्या पश्चिमेला कोकणीही शेजारी आहे, तेव्हा कुपवाडचा निष्कर्ष उचलून इथे ठेवता येणार नाही. म्हणून खूणपत्रकात फक्त रूप नोंदवायचे, कारण नोंदवायचे नाही.

खुणा तीन ठरल्या: कर्त्याप्रमाणे `AGR-S`, कर्माप्रमाणे `AGR-O`, आणि ठरवता न येणारे `AGR-X`.

तिसरी खूण रुक्सानाच्या प्रश्नातून निघाली. पुरुष बोलत असेल तर ‘केलो’ नेहमीच वेगळे कळते. स्त्री ‘मी आले’ म्हणणारी असेल, तर ‘मी आंबे खाल्ले’ यातले ‘खाल्ले’ तिच्याप्रमाणे की आंब्यांप्रमाणे, हे रूपावरून कळत नाही. ‘मी काम केले’ याचेही तसेच, कारण ‘केलं’ आणि ‘केले’ कानाला दर वेळी वेगळे लागत नाहीत. ‘मी भाकरी खाल्ले’ किंवा ‘मी चहा घेतले’ म्हटले तर मात्र शंका उरत नाही. शिवाय आपल्या भागातल्या कित्येक बायका स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतात. त्यांच्या बाबतीत हिशेब पुन्हा पुरुषांसारखाच होतो. म्हणून प्रत्येक स्त्रीचे मुद्रण तपासताना आधी तिचे ‘आले/आलो’ बघायचे, आणि मग सकर्मक क्रियापदांना हात घालायचा. 14 पैकी 9 जणी स्त्रिया आहेत. हा नियम नसता तर आपले आकडे मुळातच फसवे आले असते. सचिव या नात्याने ही नोंद मुद्दाम करते की बैठकीतला सर्वांत मोलाचा मुद्दा हाच होता.

4. हलशीचे रेकॉर्डिंग

22 फेब्रुवारीच्या मुद्रणात एका आजींनी सुगीबद्दल बोलता बोलता घरच्या जमिनीच्या वाटणीची हकिकत सांगितली. भाग 11 मिनिटांचा आहे. बोलीच्या दृष्टीने तो आपल्याकडचा सर्वांत सुंदर ओघाचा नमुना आहे, हे सर्वांनी मान्य केले. तानाजी म्हणाले, ‘‘ते घरातलं बोलणं हाय, भाईर जाऊ नये.’’ आजींनी अंगठा दिलेला आहे. पण तो सुगीच्या आणि सणांच्या गोष्टींसाठी दिला होता, या हकिकतीसाठी नाही.

हा भाग आजच वेगळ्या फोल्डरमध्ये हलवला. तानाजी आजींना घरी भेटून तो भाग ऐकवतील आणि ठेवावा की पुसावा हे विचारतील. विचारताना आजी एकट्या असाव्यात, मुलगे-सुना समोर नसाव्यात, ही मॅडमची सूचना आहे. आजी ‘पुसा’ म्हणाल्या तर तो भाग सर्व प्रतींतून पुसला जाईल. त्यावर पुन्हा चर्चा होणार नाही.

5. संमतीपत्र

वरच्या प्रसंगामुळे संमतीपत्र बदलायचे ठरले. मुद्रण संपल्यावर दुसऱ्यांदा विचारायचे आणि नको असलेला भाग तिथल्या तिथे काढायचा, अशी ओळ वाढेल. पत्र मराठीत आहेच. घरातली शाळकरी मुले अनेक ठिकाणी कन्नड माध्यमात शिकतात आणि आजी-आजोबांना पत्र तीच वाचून दाखवतात, म्हणून कन्नड प्रतही हवी.

6. रेकॉर्डर

जुन्या यंत्राच्या माइकात खरखर येते, दुरुस्ती परवडत नाही. 12,000 रुपयांपर्यंत खर्चास मान्यता. बाकी चर्चा नाही.

7. हल्याळ फेरी

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ तालुक्यात 16 व 17 मे रोजी जायचे. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिथीच्या शिवजयंतीमुळे बेळगाव आणि आसपास ढोलताशे असतात, त्या दिवसांत कुठेही मुद्रण ठेवू नये, असेही ठरले. हल्याळला कोण कोण जाणार, हे माधवीताई नियोजनात कळवतील.

प्रलंबित

लिप्यंकन सर्वांसाठी खुले करावे का, हा विषय निघाला. संतोष खुले करण्याच्या बाजूने आहे, तानाजी विरोधात. मॅडम ‘बघू’ म्हणाल्या. हा निर्णय नाही. आजींचे उत्तर आल्यावर पुढच्या बैठकीत पहिला विषय म्हणून घेतला जाईल. तोपर्यंत गटाबाहेर एकही फाइल द्यायची नाही.

पुढील बैठक: शनिवार, 30 मे 2026, सकाळी 10.30, स्थळ तेच. तानाजींच्या बसचा विचार करून त्यांचा विषय 11.30 नंतर घेतला जाईल.

इतिवृत्तात दुरुस्ती असल्यास 3 एप्रिलपर्यंत सचिवांना कळवावी. त्यानंतर ते अंतिम धरले जाईल.

अश्विनी, सचिव
मृणालिनी, गटप्रमुख
बेळगाव, 31 मार्च 2026