माप

अण्णांनी टेप माझ्या हातात दिला खरा, पण सोडेनात. एक टोक त्यांच्याच मुठीत.

"अगं, लग्नात कोट कशाला? पँट-शर्ट आहे की चांगला. नारायणकडून इस्त्री करून आणला की झालं."

"अण्णा, सोडा."

कराडच्या आमच्या दुकानात ३१ वर्षं बायकांचे ब्लाउज शिवणारा हा माणूस. माझ्या लग्नाचे सगळे ब्लाउज त्यांनीच शिवले, शालूच्या ब्लाउजचा गळा तर दोनदा उसवून. पण कोट त्यांना येत नाही. "कोट म्हणजे वेगळं शास्त्र. आत कॅनव्हास, खांद्याला पॅड. ते आपलं काम नव्हे." आणि दुसऱ्या टेलरकडे जायचं म्हटलं की मान खाली. म्हणून रेडीमेड. मोबाइलवर साइजचा तक्ता उघडून मी उभी.

"छाती," मी म्हटलं.

त्यांनी श्वास भरून घेतला.

"फुगवू नका हो!"

"तू टेप आवळतेयस. दोन बोटं आत ठेव. गिऱ्हाइकाला जेवायचं असतं लग्नात."

दोन बोटं ठेवली. ४०. मग टेप पोटावर आणला आणि मी तिथूनच ओरडले, "कंबर अडतीस!"

"हळू." त्यांनी दाराकडे पाहिलं. दुकानात कुणी नव्हतं. "माप मोठ्यानं सांगायचं नसतं. गुपचूप लिहायचं."

वहीही त्यांचीच घेतली होती, लाल कापडी पाठीची. पुढच्या पानांवर सगळ्या गावच्या बायका. शेवटचं पान कोरं होतं, तिथे अण्णांचं नाव घातलं. जन्मात पहिल्यांदा.

बाही झाली. मग उंची, खांद्यापासून पट्ट्यापर्यंत. उजवीकडे १७. डावीकडे टेप लावला तर साडेसोळा. चुकलं वाटलं म्हणून परत लावला. साडेसोळाच. मागे सरून पाहिलं, तर डावा खांदा सरळ उतरलेला. मशीनवर वाकून वाकून तो तसाच बसला होता, आणि मला सत्तावीस वर्षांत दिसला नव्हता.

"किती आलं?"

मी वहीत लिहिलं आणि वही मिटली.

"माप मोठ्यानं सांगायचं नसतं," मी म्हटलं.

ते हसले. "डावा उतरलाय ना? मला ठाऊक आहे. आरसा आहे दुकानात."

कोट आठ दिवसांनी आला. रात्री त्यांनी घालून बघितला, मला बरा वाटला. सकाळी मी चहा घेऊन दुकानात गेले तर डाव्या खांद्याचं अस्तर उसवलेलं, आणि अण्णा तोंडात दोन टाचण्या धरून माझ्या ब्लाउजच्या उरलेल्या कपड्याची घडी आत बसवत होते.

"मापाला पुरत नव्हतं," टाचण्यांतूनच म्हणाले. "चहा ठेव तिकडे, कपड्यावर सांडेल."