माजी कर्मचाऱ्यांच्या फेरनियुक्तीचे धोरण
(हिंगणा आणि बुटीबोरी कारखाने, १ एप्रिल २०२६ पासून लागू)

पुणे-चाकणला गेलेले आपले वेल्डर, फिटर, पर्यवेक्षक घरच्या ओढीने नागपूरला परततात. त्यांना काम शिकवावे लागत नाही, म्हणून ते आम्हाला हवे आहेत. मात्र इथेच राबत राहिलेल्यांवर अन्याय होता कामा नये.

पात्रता
किमान एक वर्ष काम करून, नोटीस पाळून आणि कामाचा ताबा देऊन राजीनामा दिलेली व्यक्ती ५ वर्षांच्या आत अर्ज करू शकते. बाळंतपण किंवा घरातील आजारपणामुळे नोकरी सोडलेल्यांना ही मुदत लागू नाही. कंपनीने कपात केलेल्या कामगारांना मुलाखत द्यावी लागणार नाही. त्यांना आधी बोलावले जाईल. चौकशीनंतर गैरवर्तनासाठी बडतर्फ झालेल्यांना घेतले जाणार नाही. न सांगता निघून गेलेल्यांची फाईल मात्र वाचल्याशिवाय बंद करू नये. कारण ऐकून घ्यावे आणि मनुष्यबळ विभागाने निर्णय लेखी कळवावा.

सेवेची सलगता
सर्वाधिक गैरसमज इथेच होतात, म्हणून नियुक्तीपत्रात हे स्पष्ट लिहिले जाईल. ९० दिवसांच्या आत परतलेल्या आणि ग्रॅच्युइटी न घेतलेल्या व्यक्तीची जुनी सेवा कंपनी पुढे जोडेल. मधले दिवस सेवेत धरले जाणार नाहीत. त्यानंतर परतल्यास रुजू होण्याची तारीख नवी राहील आणि ग्रॅच्युइटीची मोजणीही नव्याने सुरू होईल. एकदा दिलेली ग्रॅच्युइटी परत घेऊन जुनी वर्षे जोडता येणार नाहीत. मात्र रजेचा दर आणि दीर्घसेवा सन्मान यांसाठी जुनी वर्षे मोजली जातील, कारण तो अनुभव पुसला जात नाही.

भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक जुनाच राहतो. मधल्या नोकरीतील रक्कम काढू नका, ती वर्ग करून घ्या. पेन्शनसाठी १० वर्षांची पात्र सेवा लागते आणि पेन्शनचे पैसे काढले नसतील तर तुकड्यातुकड्यांची सेवाही त्यात मोजली जाते. पैसे काढले की ती वर्षे गेली, आणि हे अनेकांना उशिरा कळते.

परिवीक्षा सहाऐवजी तीन महिन्यांची राहील.

वेतन
वेतन आजच्या पदाच्या श्रेणीवर ठरेल; बाहेर मिळालेल्या पगारावर नाही. त्याच पदावर परतल्यास मूळ वेतन आधीच्या शेवटच्या मूळ वेतनापेक्षा कमी नसेल, आणि तेवढ्याच अनुभवाच्या सध्याच्या सहकाऱ्यापेक्षा जास्तही नसेल. समजा, एक वेल्डर २४,००० रुपये मूळ वेतनावर गेला, चाकणला ३१,००० घेत होता आणि इथले त्याच्या बरोबरीचे आज २७,५०० घेतात. त्याला २७,५०० मिळतील. बाहेर नवे कौशल्य शिकून ट्रेड टेस्ट उत्तीर्ण केल्यास वरची श्रेणी खुली आहे. ३० सप्टेंबरपर्यंत रुजू झालेल्यांना पुढच्या एप्रिलची पूर्ण वेतनवाढ मिळेल, नंतर रुजू झालेल्यांना महिन्यांच्या प्रमाणात.

अर्ज कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात द्यावा. १५ दिवसांत उत्तर मिळेल. निर्णय मान्य नसल्यास कारखाना व्यवस्थापकांकडे ३० दिवसांत दाद मागता येईल.