हात-स्वच्छता सुधारणा प्रकल्प : सारांश (मेडिकल आयसीयू, ठाणे)

जागतिक आरोग्य संघटनेच्या 'पाच क्षणां'नुसार निरीक्षण केले. सुरुवातीला २०० संधींपैकी ९२ वेळाच (४६ टक्के) हात स्वच्छ झाले. सर्वाधिक चुका रुग्णाला हात लावण्यापूर्वी, आणि त्यामागे आळस नव्हता. सॅनिटायझरची बाटली खाटेच्या डोक्याशी, मॉनिटरच्या वायरींमागे असायची. ती प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी, येताच हाताला लागेल अशी बसवली. राउंडआधी सिस्टर इन-चार्ज आदल्या दिवसाचा आकडा वाचून दाखवू लागल्या.

तीन महिन्यांनी २०० पैकी १५२ (७६ टक्के). रात्रपाळी मात्र ६१ टक्क्यांवरच अडली, आणि डॉक्टर परिचारिकांच्या मागेच राहिले, हे आम्हाला खुपते. निरीक्षक दिसला की हात जास्त धुतले जातात, म्हणून सॅनिटायझरचा खपही मोजला: दर १००० रुग्ण-दिवसांमागे १८ लिटरवरून ३१ लिटर.